९१३८ की ८१३८? बाईंच्या वीजबिलाचा तक्रारअर्ज

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे, त्यामुळे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी हे सगळं टाईप करायला रोज कोणी ना कोणी येतंच, आणि त्यात वीजबिलाचे अर्ज म्हणाल तर जून-जुलैत हमखास. पण हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात अर्ज घेऊन आलेल्या होत्या चौथीला मला मराठी शिकवलेल्या बाई. दोन फुलस्केप पानं, सुवाच्य अक्षर, एक काना-मात्रा चुकलेला नाही. म्हणाल्या, "अरे, नुसतं टाईप करून दे, शुद्धलेखन मी बघितलंय." मी वाचलं आणि म्हणलं बाई, हे असंच दिलं तर तुमचं काम होणार नाही. आपल्या शिक्षिकेला हे सांगायला काय हिंमत लागते ते ज्याचं त्याला माहिती.

आधी प्रकरण काय ते सांगतो. बाई एकट्या राहतात, दोन खोल्या, फ्रिज, टीव्ही, पंखे, हिवाळ्यात थोडा गिझर. महिन्याला ८०-९० युनिट, उन्हाळ्यात सव्वाशेपर्यंत. बिल सातशे ते साडेअकराशेच्या मधे. आणि जूनचं बिल आलं १९,१८० रुपये. वापर छापलेला १०८३ युनिट.

आता बाईंचा मूळ अर्ज. सुरुवात अशी: "मी एक सेवानिवृत्त शिक्षिका असून गेली २६ वर्षे एकही बिल थकविलेले नाही. असे असताना आपल्या कार्यालयाने माझ्यावर जो घोर अन्याय केला आहे..." पुढे पाऊण पान अन्यायावर. मग "माझे मीटर अतिवेगाने पळत आहे असा माझा दाट संशय आहे". मग "मीटरवर सध्या केवळ २३६ दिसत आहे, यावरून आपल्या लबाडीची कल्पना येते". आणि शेवट, "हे बिल मी कदापि भरणार नाही, ते त्वरित रद्द करावे".

भाषा एकदम कडक. पण यात कामाचा आकडा एकच, तो २३६, आणि तोही चुकीचा. मी विचारलं, बाई हे २३६ कुठे दिसलं? म्हणाल्या मीटरवर. मग डोक्यात प्रकाश पडला. इलेक्ट्रॉनिक मीटरचा डिस्प्ले काही सेकंदांनी बदलत राहतो, तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, कमाल मागणी येते, आणि त्यात एकदा एकूण युनिट येतात ज्याच्या शेजारी kWh असं असतं. २३६ हे व्होल्टेज होतं. असं पत्र साहेबांच्या हातात पडलं असतं तर त्यांनी पहिल्याच पानावर हसून बाजूला ठेवलं असतं, आणि बाकी खरं असलेलं पण बुडालं असतं.

दुकान पोराकडे सोपवून मी बाईंच्या घरी गेलो. जिन्याखाली मीटर. दोन फेऱ्या डिस्प्ले नुसता बघितला. kWh चा आकडा आला ८१६९. मोबाईलवर फोटो काढला, मीटरचा नंबर आणि आकडा एकाच फोटोत येतील असा. तारीख होती २१ जून. मग बिल उघडलं. मागील रीडिंग ८०५५, चालू रीडिंग ९१३८, रीडिंगची तारीख ९ जून.

इथेच खरं तर केस संपते. ९ जूनला ९१३८ असेल तर १२ दिवसांनी ८१६९ कसं असेल? एकूण युनिटचा आकडा मागे जात नाही. हे एक वाक्य बाईंच्या दोन पानांपेक्षा जड आहे, पण बाईंना ते सुचलं नाही कारण त्या मीटरकडे पुरावा म्हणून बघतच नव्हत्या, चोर म्हणून बघत होत्या.

मग चूक झाली कशी? बिलावर मीटरचा छोटासा फोटो होता, तो मोबाईलवर मोठा करून बघितला. पहिल्या आकड्यावर जिन्यातल्या ट्यूबची चमक पडलेली. मीटरच्या डिस्प्लेवर प्रत्येक आकडा सात छोट्या दांड्यांनी बनतो. 8 मधे सातही दांड्या पेटतात. त्यातली खालची डावी एक दांडी गेली की तो 9 दिसतो. बास, तेवढ्याच जागी चमक होती. एका दांडीचे हजार युनिट! एक शंका होती की मीटरचीच दांडी गेली असेल तर, कारण मग दर महिन्याला 8 चा 9 वाचला जाईल. पण या मीटरचा डिस्प्ले फेरीच्या सुरुवातीला सगळे 8 एकदा दाखवतो, त्यात सगळ्या दांड्या ठणठणीत होत्या. शिवाय मे महिन्यात ८०५५ बरोबर वाचलं गेलं होतंच. म्हणजे मीटर चांगलं, घोटाळा फोटो वाचण्यात.

आता यावरून अर्जातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बदललं, ते म्हणजे "मीटर पळतंय". लोक हे सरसकट लिहितात, बिल जास्त आलं की मीटर फास्ट. पण तुम्ही असं लिहिलं की तुमची तक्रार मीटर टेस्टिंगच्या रस्त्याला लागते. टेस्टिंगची फी भरा, नंबर लागेल तेव्हा तपासणी, आणि बाईंचं मीटर तर चांगलंच होतं, म्हणजे रिपोर्ट येणार "मीटर योग्य". मग कार्यालय म्हणणार तपासणी झाली, मीटर ओके, बिल बरोबर, भरा. चुकीचं कारण लिहिल्यामुळे बरोबर तक्रार फेटाळली गेलेली मी माझ्या दुकानात दोनदा तरी बघितलीये. म्हणून कारणाचा अंदाज बांधायचा तर आकड्यांनी दिसेल तेवढाच बांधायचा, नाहीतर नुसतं "रीडिंग चुकीचे आहे" एवढ्यावर थांबायचं.

दुसरी गोष्ट मागच्या वापराची. बाईंनी लिहिलं होतं "माझे बिल नेहमी सातशे-आठशे येते". मी म्हणलं रुपये नकोत आधी, युनिट लिहू, कारण रुपये दर वाढले की बदलतात आणि १०० युनिटच्या पुढे स्लॅब बदलून दर एकदम चढतो. बाईंच्याच बिलात बघा, युनिट झाले ८३ चे १०८३, म्हणजे १३ पट, पण बिल झालं जवळजवळ २७ पट. त्यामुळे रुपयांची रुपयांशी तुलना केली की समोरचा म्हणतो दर वाढलेत हो काकू. युनिटला तसं म्हणता येत नाही. बाईंकडे सगळी बिलं तारेला टोचून ठेवलेली, त्यामुळे सहा महिन्यांचे आकडे पाच मिनिटांत निघाले. मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग दोन्ही लिहायची, नुसता वापर नाही. एका महिन्याचं चालू ते पुढच्या महिन्याचं मागील, अशी साखळी दिसली पाहिजे, म्हणजे मधे कुठे सरासरीचं बिल किंवा "रीडिंग उपलब्ध नाही" असा शेरा नव्हता हे आपोआप कळतं.

हे का बघायचं ते सांगतो. मधे तीन-चार महिने सरासरीने बिलं आली असतील आणि मग खरं रीडिंग घेतल्यावर मोठा आकडा आला असेल तर ती वेगळी केस. तिथे रीडिंग खरं असतं, मीटर बघून उपयोग नाही, तिथे भांडण असतं की हे युनिट तेवढ्या महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा फायदा द्या आणि सरासरीची भरलेली रक्कम वजा करा. त्या पत्राचा सूरच वेगळा. बाईंची साखळी अखंड होती म्हणून हा प्रश्न आला नाही.

बाईंनी मधेच एक मुद्दा काढला, तोही हुशारीचा. म्हणाल्या, "माझा मंजूर भार १ किलोवॅट आहे. चोवीस तास सगळं चालू ठेवलं तरी दिवसाला २४ युनिट, महिन्याला ७२०. मग १०८३ कसे होतील? हे लिही." गणित बरोबर. पण मी ते नाही घेतलं. एकतर मंजूर भार म्हणजे काही नळाची तोटी नाही की त्याच्यापुढे वीज येतच नाही, जास्त भार वापरला तर मीटर तो मोजतंच, त्यामुळे इंजिनिअर म्हणू शकतो की जास्त वापरलाय म्हणजे. आणि दुसरं, मी हळूच विचारलं, बाई गिझर किती वॅटचा? म्हणाल्या दोन हजार. झालं. स्वतःच्या अर्जात आपणच १ किलोवॅट अधोरेखित करायचं आणि तपासणीला माणूस आला की त्याला २ किलोवॅटचा गिझर दाखवायचा, कशाला? बाई जरा गप्प झाल्या आणि तो मुद्दा त्यांनीच लाल पेनाने खोडला.

आता सगळ्यात जास्त वाद झाला तो पैशांवर. बाई म्हणत होत्या एक पैसा भरणार नाही. मी म्हणलं भरायचे, पण किती आणि कसे ते आपण ठरवायचं. वीज कायदा २००३ चं कलम ५६ थकबाकीसाठी लाईट तोडण्याबद्दल आहे. त्यात तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि त्याच्याच पोटकलम १ ला एक परंतुक, म्हणजे मूळ नियमाला जोडलेला अपवाद, आहे जे फार कमी लोकांना माहिती असतं: ग्राहकाने निषेधासह ठराविक रक्कम भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ती रक्कम म्हणजे मागितलेली पूर्ण रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती.

बाईंची सहा बिलं होती ७३०, ७००, ६८०, ७६०, ९९० आणि ११५०. बेरीज ५०१०, भागिले ६, म्हणजे ८३५ रुपये.

पण गंमत इथे आहे. ८३ युनिटचं खरं बिल साधारण ७१० होतं. मग बाई म्हणाल्या मला मान्य आहेत ७१०, मी ८३५ का भरू, सव्वाशे रुपये फुकट? मी म्हणलं या दोन वेगळ्या रकमा आहेत आणि पत्रात दोन्ही वेगळ्या लिहायच्या. ७१० ही "मान्य" रक्कम, म्हणजे तुमच्या मते तुम्ही खरंच वापरलेल्या विजेची. ८३५ ही लाईट तुटू नये म्हणून कायद्याने ठरवून दिलेली. तुम्ही ७१० च भरले तर कदाचित काही होणार नाही, पण परंतुकाचं संरक्षण मागताना रक्कम परंतुकातलीच पाहिजे. वरचे १२५ पुढच्या बिलात वळते होतील. आणि उलट, नुसतं "८३५ भरत आहे" लिहिलं आणि मान्य किती ते लिहिलं नाही तर तुम्हाला ८३५ मान्य आहेत असाच अर्थ निघतो. हे पटायला दोन चहा लागले.

शेवटची भर मात्र माझी, आणि ती मी एका जुन्या अनुभवावरून शिकलोय. नुसतं "बिल दुरुस्त करा" लिहिलं की क्लार्क रक्कम कमी करून देतो, पण सिस्टीममधे चालू रीडिंग ९१३८ च राहतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग येतं ८२०० च्या आसपास, म्हणजे मागच्यापेक्षा कमी, आणि कॉम्प्युटर गोंधळतो, मग सरासरीचं बिल किंवा मीटर फॉल्टीचा शेरा. परत चकरा. म्हणून रीडिंग दुरुस्त करण्याची विनंती वेगळी आणि पहिली.

बरं, "रद्द करावे" पण काढलं. बिल रद्द होत नाही, दुरुस्त होतं. शेवटी एका पानात बसलेलं पत्र असं झालं:

प्रति,
मा. सहायक अभियंता, शाखा कार्यालय

विषय: जून महिन्याच्या बिलातील रीडिंग दुरुस्त करून सुधारित बिल मिळणेबाबत
ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलाची तारीख: (बिलावरून जसेच्या तसे)

महोदय,

जूनच्या बिलात ९ जून रोजीचे चालू रीडिंग ९१३८ छापले असून १०८३ युनिटची आकारणी (रु. १९,१८०) झाली आहे. हे रीडिंग चुकीचे आहे. त्यानंतर १२ दिवसांनी, २१ जून रोजी, मीटरवर ८१६९ हे रीडिंग आहे. फोटो जोडला आहे.

मागील सहा बिलांतील नोंदी:
डिसेंबर: ७४८६ ते ७५७१, वापर ८५
जानेवारी: ७५७१ ते ७६५२, वापर ८१
फेब्रुवारी: ७६५२ ते ७७३०, वापर ७८
मार्च: ७७३० ते ७८१९, वापर ८९
एप्रिल: ७८१९ ते ७९३१, वापर ११२
मे: ७९३१ ते ८०५५, वापर १२४

बिलावरील फोटोत पहिला आकडा चमकेमुळे स्पष्ट नाही. तो ८ धरल्यास रीडिंग ८१३८ व वापर ८३ युनिट येतो आणि तो वरील नोंदींशी जुळतो.

८३ युनिटची आकारणी, अंदाजे रु. ७१०, मला मान्य आहे. त्यापुढील रक्कम मान्य नाही. वाद निकाली निघेपर्यंत वीज कायदा २००३, कलम ५६(१) च्या परंतुकानुसार मागील सहा बिलांची सरासरी रु. ८३५ मी निषेधासह भरत आहे.

विनंती की,
(अ) मीटरची प्रत्यक्ष पाहणी करून जूनचे चालू रीडिंग ८१३८ असे दुरुस्त करावे, म्हणजे पुढील बिलात मागील रीडिंग म्हणून तेच येईल.
(आ) त्यानुसार सुधारित बिल द्यावे व जादा भरलेली रक्कम पुढील बिलात वळती करावी.
(इ) वादग्रस्त रकमेवर विलंब आकार व व्याज लावू नये आणि त्यापोटी पुरवठा खंडित करू नये.

सोबत: जूनचे बिल, मागील सहा बिलांच्या प्रती, २१ जूनचा मीटरचा फोटो.

बाईंनी प्रिंट वाचली, "चमकेमुळे" वर थोडं थांबल्या, मग म्हणाल्या चालेल. २६ वर्षांची परंपरा कुठे गेली म्हणून विचारलं. मी म्हणलं ती सहा ओळींच्या नोंदीत आहे की.

पैसे भरायला मात्र त्रास झाला. ऑनलाइन "निषेधासह" लिहायला जागाच नसते, म्हणून काउंटरवर गेलो, तर तिथे म्हणाले पूर्ण बिल भरा नाहीतर साहेबांची सही आणा. साहेबांनी पत्र वाचलं, फोटो बघितला, मधेच बिलावरचा फोटो स्वतः झूम करून बघितला, आणि बिलाच्या मागे ८३५ लिहून सही केली. एक शब्द पण वाद नाही. पावतीचा नंबर पत्राच्या दोन्ही प्रतींवर हाताने लिहिला आणि मग आवक टेबलला दिलं. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही असं बाईंना आधीच सांगून ठेवलेलं, पण सांगायची गरजच नव्हती, त्या शिक्का पुसट उमटला म्हणून परत मारून घेत होत्या. हे दाद देत नाहीत म्हणलं तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल हा रस्ता आहे, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की लेखी तक्रार कधी दिली, पोच दाखवा.

तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. २६ जूनला एक पोरगा येऊन मीटर बघून गेला, तेव्हा ८१८२ होतं, बाईंनी त्याच्या वहीत तो आकडा लिहिलेला बघून मगच त्याला पाणी दिलं. आठवड्याभराने सुधारित बिल मिळालं, ८३ युनिट, ७१० रुपये. आणि जुलैच्या बिलात मागील रीडिंग ८१३८, चालू ८२२२, वापर ८४, आणि मागचे जमा १२५ वजा.

बिल दाखवायला बाई दुकानात आल्या तेव्हा सोबत आमच्या पत्राची पोचप्रत पण होती. "निकाली" तला पहिला नि मी कधीतरी दीर्घ टाईप केला होता म्हणे आणि त्यांनी तो प्रिंट मारण्याआधी दुरुस्त करायला लावला होता, ते त्या समोर उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना सांगत होत्या.